चौदा हजार लाइक्स, तीन हजार व्ह्यूज : हर्णै बंदरावर फिरलेल्या एका स्क्रीनशॉटची तपासणी

२०२४ च्या जुलैतला शेवटचा रविवार, तारीख २८. पावसाळी मासेमारी बंदी १ जूनला लागते आणि ३१ जुलैला संपते, म्हणजे उरले होते चार दिवस. आंजर्ल्याच्या खाडीत शाकारून ठेवलेल्या होड्यांवरचं प्लास्टिक निघालं होतं. जाळी शिवून झाली होती आणि बर्फाची आगाऊ नोंदणी सुरू होती. खलाशांना फोन गेले होते आणि नेपाळहून येणारे काही जण गाडीत बसलेही होते. अशा वेळी रात्री दहाच्या सुमारास माझ्या फोनवर एक चित्र आलं. पाठवणारे मच्छीमार सोसायटीचे सचिव. खाली एकच ओळ : "भाऊ, बंदी वाढली म्हणतात. खरं काय?"

चित्रात एक्सवरची पोस्ट होती. मासेमारी खात्याच्या नावाचं खातं, नावापुढे निळी टिक, आणि मजकूर असा की खवळलेल्या समुद्रामुळे बंदी १५ ऑगस्टपर्यंत वाढवण्यात आली आहे, उल्लंघन करणाऱ्या नौकांवर कारवाई होईल. खाली १४.२ हजार लाइक्स. वेळ रात्री ९:१२.

मी दापोलीत राहतो. सायबर कॅफे चालवायचो तेव्हापासून आसपासची मंडळी असली चित्रं मला पाठवतात. हे प्रकरण मी सविस्तर लिहितोय, कारण यात एकापाठोपाठ एक दोन बनावट चित्रं आली. पहिलं पकडायला दहा मिनिटं लागली, दुसऱ्याला दीड दिवस. माणसांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. ज्या सरकारी खात्याचं नाव वापरलं गेलं त्याचं खरं हँडलही देत नाही, कारण त्या बिचाऱ्यांचा यात काही दोष नव्हता.

अफवा पटण्यासारखी होती हेही सांगायला हवं. बंदी १५ ऑगस्टपर्यंत किंवा नारळी पौर्णिमेपर्यंत वाढवा, अशी मागणी किनाऱ्यावर कुठून ना कुठून दर वर्षी येतेच. छोट्या होडीवाल्यांना ती सोयीची वाटते, मोठ्या नौकावाल्यांना नाही. त्यामुळे ज्याला हवं त्याला आनंद झाला, ज्याला नको त्याला संताप आला, आणि दोघांनीही चित्र पुढे पाठवलं. शिवाय रविवारची रात्र. कार्यालयात फोन उचलायला कोणी नाही.

पहिलं चित्र

अशा चित्रात काय चुकीचं दिसतंय याची यादी करायला मजा येते, आणि बहुतेकांची फसगत तिथेच होते. मी त्या रात्री यादी केली ती अशी. तळाशी "Twitter for Android" असं लिहिलेलं. त्याखाली "Retweets", "Quote Tweets" आणि "Likes" हे तीन शब्द. पोस्ट किती वेळा पाहिली गेली तो आकडा कुठेच नाही. टिक निळी. आणि हँडल `@MatsyaVyavasayRtn`.

यातली प्रत्येक गोष्ट संशय घेण्यासारखी आहे, पण सगळ्यांचं वजन सारखं नाही. पोस्ट कोणत्या उपकरणावरून केली हे सांगणारी ओळ ट्विटरने २०२२ च्या डिसेंबरात काढून टाकली. त्याच महिन्यात व्ह्यूजचा आकडा दिसायला लागला. २०२३ च्या जुलैत ट्विटरचं एक्स झालं आणि रिट्वीटचं रिपोस्ट. म्हणजे २०२४ ची तारीख मिरवणारं हे चित्र दिसायला २०२२ सालचं होतं. बनावट पोस्ट तयार करून देणारी संकेतस्थळं असतात. त्यात नाव, फोटो, आकडे भरले की तयार चित्र मिळतं. त्यांतले बरेच साचे जुने आहेत, कोणी अद्ययावत करत नाही. हा त्यातलाच प्रकार, असं मला लगेच वाटलं.

पण "वाटलं" एवढंच. ज्याने अ‍ॅप कित्येक महिने अपडेट केलेलं नाही त्याच्या फोनवर जुने शब्द राहू शकतात. काही जण ब्राउझरला जोडणी लावून मुद्दाम जुनं ट्विटर परत आणतात, निळ्या चिमणीसकट. व्ह्यूजची ओळ चित्र कापताना जाऊ शकते. ज्याने फोनची भाषा मराठी ठेवली आहे त्याला "Likes" च्या जागी वेगळाच शब्द दिसतो आणि तारखेची मांडणीही बदलते. मराठी अक्षरांचा फॉन्ट तर पुरावा म्हणून वापरूच नये, कारण देवनागरी मजकूर प्रत्येक फोन आपापल्या फॉन्टात दाखवतो. दोन खऱ्या स्क्रीनशॉटांतली अक्षरं एकमेकांशी जुळत नाहीत. "फॉन्ट बघा, वेगळा आहे" असं छातीठोकपणे सांगणारे ग्रुपवर पुष्कळ असतात, त्यांचं निदान कधी बरोबर आलंच तर ते नशिबाने.

म्हणून मी दिसण्यातला फरक आणि नियमाचा भंग या दोन गोष्टी वेगळ्या धरतो. फरकाला कारणं असू शकतात. नियमभंगाला सहसा नसतात. या यादीत नियमभंग एकच होता, तो म्हणजे हँडल. एक्सवर हँडल जास्तीत जास्त १५ अक्षरांचं घेता येतं, आणि त्यात इंग्रजी अक्षरं, अंक व अधोरेखा एवढंच चालतं. `MatsyaVyavasayRtn` मोजा : सतरा. असं हँडल कोणाला नोंदवता येत नाही. नाव भरायच्या चौकटीत मात्र ५० अक्षरं बसतात. चित्र बनवणाऱ्याने ती मोकळीक हँडललाही आहे असं धरलं असावं.

निळ्या टिकेबद्दल सचिवांशी थोडा वाद झाला. त्यांचं म्हणणं, "टिक आहे म्हणजे सरकारी." एके काळी यात तथ्य होतं. कंपनी स्वतः ओळख तपासून टिक द्यायची. २०२२ च्या नोव्हेंबरापासून ती पैसे भरून मिळायला लागली आणि २०२३ च्या एप्रिलात जुन्या फुकट टिका काढून घेतल्या गेल्या. सरकारी खात्यांसाठी करडी टिक आली, कंपन्यांसाठी सोनेरी. ज्या खात्याच्या नावाने हे चित्र होतं त्याच्या खऱ्या पानावर करडीच टिक आहे. तेव्हा निळ्या टिकेने चित्राची बाजू भक्कम होण्याऐवजी उलट लंगडी झाली. (सचिवांना हे पटलं नाही. "करडी म्हणजे बंद पडलेलं खातं वाटतं हो," म्हणाले. रंगाची निवड करणाऱ्यांनी हर्णैत येऊन विचारायला हवं होतं.)

रात्री साडेदहाला मी उत्तर पाठवलं की चित्र साच्यातून बनवलेलं आहे, हे हँडल अस्तित्वात असू शकत नाही, बंदीचा निर्णय सकाळी कार्यालयात विचारू. आणि झोपलो.

दुसरं चित्र

सकाळी उठलो तर माझं उत्तर कोणीतरी ग्रुपवर टाकलेलं, आणि त्याच्या खाली नवं चित्र. सोबत मजकूर : "आधीचं कोणीतरी उतरवून काढलेलं असेल, हे मूळ. पोस्ट आता डिलीट केली आहे, म्हणून दिसणार नाही."

एका दमात दोन युक्त्या. माझ्या सगळ्या हरकती दुरुस्त झाल्या होत्या. खरं हँडल, करडी टिक, "Reposts" हा शब्द, व्ह्यूजचा आकडा. वरून, मूळ पोस्ट न सापडण्याचं कारण आधीच तयार ठेवलेलं. आपण काय चुकलं ते जाहीर सांगतो तेव्हा बनवणाऱ्यालाही शिकवत असतो, ही गोष्ट त्या सकाळी मला झोंबली.

हे चित्र कसं बनलं असावं याचा अंदाज यायला वेळ लागला नाही. संगणकावर ब्राउझरमध्ये खऱ्या खात्याची कुठलीही खरी पोस्ट उघडायची, मजकुरावर उजवी कळ दाबून Inspect निवडायचं, आणि समोर आलेल्या ओळीत हवं ते टंकायचं. पडद्यावर पोस्टचा मजकूर बदलतो. बदल फक्त आपल्या पडद्यापुरता, पान पुन्हा उघडलं की गायब. पण तेवढ्यात स्क्रीनशॉट काढला की झालं. टिक खरी, चौकट खरी, अक्षरांमधलं अंतरही खरं, कारण पान खरंच आहे. अशा चित्रावर मांडणीची कुठलीही परीक्षा चालत नाही.

तरी एक गोष्ट डोळ्यात खुपली. लाइक्स १४.२ हजार आणि व्ह्यूज ३,११८. पोस्ट पडद्यावर आल्याशिवाय लाइक करता येत नाही. एक माणूस एकदाच लाइक करू शकतो, पाहू मात्र कितीही वेळा शकतो. व्ह्यूजचा आकडा थोडा उशिरा ताजा होतो असं धरलं तरी लाइक्स त्याच्या चौपट-साडेचौपट होणं शक्य दिसत नाही. त्या खात्याच्या इतर पोस्टी पाहिल्या, तर कुणाला वीस लाइक्स, कुणाला पन्नास. पूर्वी पोस्ट कुणी कुणी लाइक केली त्यांची नावं उघडून पाहता यायची. जून २०२४ पासून एक्सने ती इतरांपासून लपवली, त्यामुळे तपासाची एक वाट नुकतीच बंद झाली होती. आकडा मात्र अजून दिसतो, आणि खोटा आकडा बहुधा एकट्यानेच बदललेला असतो. शेजारचा बदलायचा राहून जातो.

ही विसंगती जोरदार होती, पण "तांत्रिक गडबड असेल" असं म्हणून कोणीही उडवून लावू शकलं असतं. मला चित्र कुठून आलं ते हवं होतं.

उगमाकडे

व्हॉट्सअ‍ॅपवर चित्र फिरत जातं तसं ते कापलं जातं, दाबलं जातं. आमच्या ग्रुपवर आलं तेव्हा त्यावर दुहेरी बाण होता, म्हणजे पाच किंवा त्याहून जास्त हातांतून आलेलं. अशा वेळी मी प्रत्येकाला दोनच गोष्टी विचारतो : तुम्हाला कोणी पाठवलं, आणि तुमच्याकडचं चित्र "डॉक्युमेंट" म्हणून पाठवता का? डॉक्युमेंट म्हणून पाठवलं की व्हॉट्सअ‍ॅप ते आणखी दाबत नाही.

तिसऱ्या फोनला एक दादा भेटले. त्यांनी ठासून सांगितलं की चित्र त्यांच्या मेहुण्याने कुवेतहून पाठवलंय आणि त्याने स्वतः रात्री पोस्ट उघडून पाहिली, मग स्क्रीनशॉट काढला. कोकणात अर्ध्या वाडीचं कोणी ना कोणी आखातात असतं, त्यामुळे यात काही नवल नव्हतं. पण चित्रावरची वेळ ९:१२. एक्स पोस्टची वेळ पाहणाऱ्याच्या घड्याळाप्रमाणे दाखवतं. कुवेत आपल्यापेक्षा अडीच तास मागे. भारतात जी पोस्ट ९:१२ ची दिसते, ती कुवेतमधल्या फोनवर ६:४२ ची दिसायला हवी. मेहुण्याने स्वतः उघडून पाहिली असती तर ९:१२ आलंच नसतं. मी तसं विचारल्यावर थोडा वेळ गेला आणि उत्तर आलं की नाही, त्यांच्या तिकडच्या गावकऱ्यांच्या ग्रुपवर आलेलं, त्याने फक्त पुढे पाठवलं. खोटं बोलायचा कुणाचा हेतू नव्हता. "मी पाहिलं" याचा अर्थ लोकांच्या लेखी "मी चित्र पाहिलं" असाही होतो.

याच वेळेच्या फरकामुळे उलट चूकही होते. एकाच खऱ्या पोस्टचे दोन स्क्रीनशॉट, एक ९:१२ चा आणि एक ६:४२ चा, समोर आले की लोक दोन्ही खोटे ठरवतात. फरक नेमका अडीच तासांचा आहे का, एवढं पाहिलं तर पुष्कळ भांडणं वाचतात.

मेहुण्याने मात्र एक उपकार केला. त्याच्याकडे आलेलं चित्र न कापलेलं होतं. वरच्या बाजूला ब्राउझरची पत्त्याची पट्टी होती. खिडकी अरुंद असल्याने पत्ता अर्धाच दिसत होता : हँडल, मग `/status/`, आणि त्यापुढे सात अंक, `1684480`. उरलेले कापले गेले होते.

सात अंक पुरले.

एक्सवरच्या प्रत्येक पोस्टचा क्रमांक मनाला येईल तसा दिलेला नसतो. २०१० च्या नोव्हेंबरापासून हा क्रमांक वेळेवरून बनतो : एका ठरलेल्या क्षणापासून किती मिलिसेकंद उलटले तो आकडा, आणि त्याच्या शेपटाला काही अंतर्गत अंक. शेपूट काढून टाकलं आणि तो ठरलेला क्षण मिळवला की पोस्टची जन्मवेळ मिळते. शेपूट काढायचं म्हणजे क्रमांकाला ४१९४३०४ ने भागायचं आणि अपूर्णांक सोडून द्यायचा; खालच्या कोडमधलं `>> 22` तेच करतं. सध्याचे क्रमांक १९ अंकी आहेत, म्हणून दिसत नसलेल्या बारा अंकांच्या जागी मी शून्यं भरली :

```
n = 1684480000000000000
ms = (n >> 22) + 1288834974657
print(ms)   # 1690446302782
```

हे १ जानेवारी १९७० पासूनचे मिलिसेकंद. तारखेत बदलले तर २७ जुलै २०२३, जागतिक वेळेनुसार सकाळी ८:२५. आपल्याकडे दुपारी १:५५. शून्यांऐवजी सगळे नऊ भरले तर साधारण चार मिनिटं पुढे, १:५९ च्या आसपास. म्हणजे पत्त्याच्या पट्टीत अर्धवट दिसणारी ती पोस्ट २७ जुलै २०२३ च्या दुपारी १:५५ ते १:५९ या चार मिनिटांतली होती. चित्रात तारीख होती २८ जुलै २०२४. त्या रात्री ९:१२ ला खरोखर पोस्ट झाली असती तर तिचा क्रमांक `1817586` ने सुरू झाला असता.

मजकूर, लाइक्स, तारीख, वेळ हे सगळं पानावर असतं, ते Inspect करून बदलता येतं. पत्त्याची पट्टी ब्राउझरची असते, ती पानाच्या बाहेर. पानावरचा मजकूर टंकून ती बदलत नाही. तिथे हात पोचवायचा तर वेगळी खटपट करावी लागते, किंवा चित्र कापून टाकावं लागतं. कोणीतरी नंतर कापलंच, पण पहिली प्रत तोवर कुवेतला पोचली होती.

जुनी पोस्ट आणि तिची साठवलेली प्रत

आता कोणत्या पानावर हा खेळ झाला ते शोधायचं होतं. पूर्ण क्रमांक हाती नसला तरी दिवस हाती होता. एक्सच्या शोधचौकटीत एवढं टंकलं (खऱ्या हँडलच्या जागी इथे HANDLE लिहितो) :

```
from:HANDLE since:2023-07-27 until:2023-07-28
```

दोन पोस्टी आल्या. त्यातली एक दुपारी १:५७ ची, मच्छीमारांनी वाऱ्याच्या इशाऱ्यामुळे समुद्रात जाऊ नये अशी. क्रमांकाचे पहिले सात अंक `1684480`. लाइक्स ४१. व्ह्यूज ३,१३१. बनावट चित्रात ३,११८ होते. म्हणजे व्ह्यूजचा आकडा त्याने बदलला नव्हता, आणि मधल्या वेळात ती पोस्ट आणखी तेरा वेळा पाहिली गेली होती.

या टप्प्यावर ग्रुपवरचे एक गुरुजी म्हणाले, आणि शंका चुकीची नव्हती, "कशावरून खात्यानेच आधी बंदीची पोस्ट टाकली नाही, आणि मग तीच बदलून वाऱ्याचा इशारा केला नाही?" एक्सवर पोस्ट बदलण्याची सोय फक्त पैसे भरणाऱ्यांना आणि पोस्ट केल्यापासून मोजक्या वेळापुरती आहे. बदललेल्या पोस्टवर तसा शिक्काही दिसतो. वर्षभराने जुन्या पोस्टचा मजकूर बदलणं शक्य नाही. पण गुरुजींना कंपनीच्या शब्दाऐवजी बाहेरचा साक्षीदार हवा होता. त्यासाठी वेबॅक मशीन, म्हणजे वेबपानांच्या जुन्या प्रती जपून ठेवणारं संकेतस्थळ.

इथे एक खाचखळगा आहे. एक्सचे पत्ते २०२४ च्या मे महिन्यात पूर्णपणे `x.com` वर आले. त्याआधीच्या पोस्टींच्या प्रती बहुधा `twitter.com` या पत्त्याखाली साठवलेल्या असतात. नव्या पत्त्याने शोधलं आणि काही नाही मिळालं, म्हणून "प्रत नाही" असं सांगणारे लोक मी पाहिले आहेत. मी दोन्ही पत्त्यांनी पाहिलं :

```
https://web.archive.org/web/*/https://twitter.com/HANDLE/status/1684480*
```

एक प्रत निघाली. त्या पावसात कोणीतरी इशाऱ्यांच्या पोस्टी जपून ठेवल्या असाव्यात. आपलं नशीब, एरवी इतक्या लहान खात्याची प्रत सहसा मिळत नाही. प्रतीच्या पत्त्यात `20230728043015` असा आकडा होता : २८ जुलै २०२३, ४ वाजून ३० मिनिटं १५ सेकंद, जागतिक वेळ. आपल्याकडे सकाळचे दहा. म्हणजे पोस्ट पडल्याच्या दुसऱ्या दिवशीची. मजकूर वाऱ्याचा इशारा, शब्दाला शब्द आजच्यासारखा. बंदी, १५ ऑगस्ट, कारवाई, यातलं काही नाही. गुरुजी म्हणाले, "मग ठीक."

राहिला एकच मुद्दा, आणि तो सर्वांत चिवट होता. चित्र जुन्या पोस्टवर बनवलेलं आहे हे सिद्ध झालं, मान्य. पण रविवारी रात्री बंदीची खरी पोस्ट वेगळी पडली असेल आणि काढून टाकली असेल, आणि कुणीतरी आठवणीने तिची नक्कल केली असेल, तर? नसलेली गोष्ट नव्हती हे दाखवणं कठीण. वेबॅक मशीनवर २८ तारखेची काही प्रत नव्हती, पण त्यावरून काहीच ठरत नाही. खात्याचं पान त्या आठवड्यात कोणी साठवलंच नव्हतं. २०२३ च्या मध्यापासून एक्सने लॉगिन न केलेल्यांना बरंचसं बंद केल्यावर अशा प्रती आणखी कमी झाल्या आहेत, आणि ज्या आहेत त्यांतल्या काहींत नुसतं लॉगिनचं पान असतं.

काढलेल्या पोस्टचा माग तिच्या उत्तरांत राहतो. पोस्ट जाते तेव्हा तिला दिलेली उत्तरं जात नाहीत. ती उत्तर देणाऱ्यांच्या खात्यावर पोरकी पडून राहतात, आणि ज्यांनी ती उद्धृत केली त्यांच्या पोस्टीत रिकामी चौकट उरते. म्हणून शोधलं :

```
to:HANDLE since:2024-07-27 until:2024-07-31
```

दिवस एकेकाने वाढवून घेतले, कारण शोधातल्या तारखा जागतिक वेळेने मोजल्या जातात आणि आपली मध्यरात्र ते पहाटे साडेपाच ही वेळ तिथे आदल्या दिवशी पडते. चार उत्तरं सापडली. दोन डिझेल परताव्याबद्दल, शुक्रवारच्या पोस्टला. दोन सोमवार सकाळची, हेच व्हॉट्सअ‍ॅपचं चित्र जोडून "हे खरं का?" असं विचारणारी. रविवारी रात्री ९:१२ पासून पहाटेपर्यंत एकही नाही. ज्या पोस्टला चौदा हजार लोकांनी लाइक केलं, जिने शेकडो होड्यांचा हंगाम दोन आठवडे पुढे ढकलला, तिला मच्छीमार समाजातल्या एकाही माणसाने चार शिव्या दिल्या नाहीत, हे हर्णै पाहिलेल्या कुणालाही पटणार नाही.

तरीही मी निष्कर्षात "अशी पोस्ट पडली नव्हती" असं लिहिलं नाही. बंद खात्यांची उत्तरं शोधात येत नाहीत, काही उत्तरं एक्स स्वतःच दाबतं. मी लिहिलं : "२८ जुलैच्या रात्री अशी पोस्ट पडल्याचा एकही माग आढळला नाही. फिरणारं चित्र २७ जुलै २०२३ च्या वाऱ्याच्या इशाऱ्यावर मजकूर, तारीख आणि लाइक्स बदलून बनवलेलं आहे." पहिलं वाक्य शोधाचं, दुसरं पुराव्याचं. दोन्ही एकत्र मिसळली की कोणीतरी पहिल्यातली फट दाखवून दुसरंही पाडतो.

बंदी वाढली की नाही याचं उत्तर अर्थात या सगळ्यात नव्हतं. पोस्ट खोटी असली तरी निर्णय खरा असू शकतो. महाराष्ट्रात ही बंदी सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ खाली शासनाच्या आदेशाने लागते आणि वाढायची तरी आदेशानेच वाढेल. सोमवारी अकराला सचिवांनी कार्यालयात फोन लावला. तिथल्या बाईंनी सांगितलं की असा आदेश आलेला नाही, आणि सकाळपासून हा विसावा फोन आहे. सचिवांनी तेवढ्यावर न थांबता लेखी मागितलं. दुपारी चारला परवाना अधिकाऱ्यांच्या सहीचं दोन ओळींचं पत्र सोसायटीत आलं. त्याचा फोटो माझ्या सगळ्या आकडेमोडीपेक्षा जास्त फिरला, आणि तसंच व्हायला हवं होतं.

माझं टिपण मंगळवारी दुपारी गेलं. बनावट चित्र जोडताना त्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत लाल पट्टा मारला आणि मजकुरावरच "बदललेलं चित्र" असं लिहिलं, म्हणजे कापून पुन्हा वापरता येऊ नये. पहिल्या रात्री मी हे केलं नव्हतं. उत्तरासोबत चित्र जसंच्या तसं परत पाठवलं होतं, आणि दोन ग्रुपवर ते माझ्या उत्तराशिवाय पुढे गेलेलं नंतर दिसलं. दुसरा बदल म्हणजे पत्त्याची पट्टी आणि क्रमांकाचं गणित मी ग्रुपवर मांडलं नाही. जुन्या पोस्टचा दुवा, तिची साठवलेली प्रत आणि कार्यालयाचं पत्र, एवढंच दिलं. गणित गुरुजींना समोर बसवून दाखवलं. आता लिहितोय, कारण हंगाम उलटून गेला आहे आणि हे गणित ज्यांना माहीत हवं त्यांच्यापर्यंत पोचणं मला जास्त गरजेचं वाटतं.

चित्र कोणी बनवलं ते कळलं नाही. कुवेतच्या ग्रुपवर ते ज्या नंबरावरून आलं तो तासाभराने बंद झाला होता. बर्फवाल्याकडच्या सात नोंदण्या रविवारी रात्रीच रद्द झाल्या होत्या, त्यातल्या पाच मंगळवारी परत आल्या. एका मालकाने मात्र चित्र पाहिल्या पाहिल्या नेपाळहून निघालेल्या सहा खलाशांना वाटेतूनच माघारी पाठवलं होतं. १ ऑगस्टला, गुरुवारी पहाटे, बाकीच्या होड्या सुवर्णदुर्गाच्या बाजूने बाहेर पडल्या तेव्हा त्याची होडी खाडीतच होती. ती ६ तारखेला सुटली.